गरम पाण्याचा उदासीन सामू सात का नसतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. त्याआधी काही वर्षं एका कारखान्याच्या बॉयलरचं पाणी तपासायचं काम केलं. वर्गात आणि बॉयलरशेजारी मला याच विषयावर सारखे प्रश्न विचारले गेले, म्हणून त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून काढली आहेत. सामू म्हणजे pH. दोन्ही शब्द मी वापरते, पण मराठीत सामूच जिभेवर बसलाय.

आयनिक गुणाकार म्हणजे नेमकं काय?

शुद्ध पाण्यातसुद्धा थोडे रेणू फुटलेले असतात. एक रेणू आपला प्रोटॉन शेजारच्या रेणूला देतो, आणि मागे हायड्रॉक्साइड आयन उरतो. सोयीसाठी आपण ते असं लिहितो:

```
H2O  ⇌  H+ + OH-
Kw = [H+] × [OH-]
```

या दोन संहतींचा गुणाकार म्हणजे Kw. 25 अंश सेल्सिअसला तो 1.0 × 10⁻¹⁴ असतो. शुद्ध पाण्यात दोन्ही आयन समसमान असतात, म्हणून प्रत्येकाची संहती 10⁻⁷ मोल प्रति लिटर, आणि सामू 7.

10⁻⁷ हा आकडा डोळ्यांपुढे येत नाही, म्हणून मी मुलांना वेगळ्या तऱ्हेने सांगते. एका लिटर पाण्यात साधारण 55 मोल पाणी असतं. म्हणजे 25 अंशांना सुमारे 55 कोटी रेणूंमागे एक फुटलेला असतो. आणि तो फार वेळ फुटलेला राहत नाही. 1955 मध्ये मॅनफ्रेड आयगन आणि लिओ द मायर यांनी पाण्याला तीव्र विद्युतक्षेत्राचा क्षणिक झटका देऊन हे आयन परत जोडले जाण्याचा वेग मोजला. द्रावणातल्या ज्ञात अभिक्रियांमध्ये तो सर्वांत जलद वेगांपैकी एक निघाला. उलट, एखादा ठरावीक रेणू धरला तर त्याची फुटायची पाळी सरासरी दहा-अकरा तासांनी एकदा येते. फुटणं दुर्मीळ, जुळणं अतिजलद, आणि या दोहोंच्या समतोलातून Kw ठरतो. तापमान बदललं की हा समतोल हलतो.

पण तापमानाने तो हलावा का?

कारण रेणू फोडायला ऊष्मा लागते. ऑक्सिजन आणि हायड्रोजनमधला बंध तोडायला खूप ऊर्जा खर्च होते. तयार झालेल्या आयनांभोवती पाण्याचे रेणू गोळा होतात तेव्हा त्यातली बरीच ऊर्जा परत मिळते, पण सगळी मिळत नाही. हिशेबाअंती 25 अंशांना प्रत्येक मोलामागे 55.8 किलोजूल बाहेरून घालावे लागतात. म्हणजे विचरण, रेणूचं असं आयनांत फुटणं, ही ऊष्माग्राही क्रिया आहे.

हा आकडा तुम्ही आधी पाहिलेला आहे, फक्त उलट्या चिन्हाने. तीव्र आम्ल आणि तीव्र आम्लारी एकत्र केल्यावर भांडं गरम होतं, ती उदासिनीकरणाची ऊष्मा हीच. हायड्रोक्लोरिक आम्ल घ्या नाहीतर नायट्रिक, सोडियम हायड्रॉक्साइड घ्या नाहीतर पोटॅशियम, आकडा जवळपास तोच येतो, कारण खरी अभिक्रिया दर वेळी H⁺ आणि OH⁻ मिळून पाणी होण्याचीच असते. पुस्तकांत बरेचदा 57 च्या आसपास छापलेलं असतं. ते थोड्या कमी तापमानाचं मूल्य आहे, त्यामुळे गोंधळू नका.

आता ले शातेलिएचं तत्त्व लावा. ज्या क्रियेत ऊष्मा शोषली जाते, तिला गरम केलं की समतोल पुढे सरकतो. जास्त रेणू फुटतात, H⁺ वाढतात, तितकेच OH⁻ वाढतात, गुणाकार वाढतो.

किती वाढतो? एखादं गणित करून दाखवाल का?

दाखवते. 25 वरून 60 अंशांवर जाऊ. व्हान्ट हॉफचं समीकरण असं आहे:

```
ln(K2/K1) = (ΔH/R) × (1/T1 − 1/T2)
          = (55800/8.314) × (1/298.15 − 1/333.15)
          = 6712 × 0.000352
          ≈ 2.36
K2/K1 ≈ 10.6
```

म्हणजे अवघ्या 35 अंशांत गुणाकार दहापट झाला. प्रत्यक्ष मोजलेलं मूल्य 9.6 × 10⁻¹⁴ आहे, म्हणजे 9.6 पट. आपलं उत्तर थोडं जास्त आलं, कारण 55.8 हा आकडा आपण सगळ्या टप्प्यात तोच धरला. खरं तर तापमान चढत जातं तशी विचरणाची ऊष्मा कमी होत जाते. परीक्षेत स्थिर धरलेली चालते, प्रयोगशाळेत मात्र तक्त्यातलंच मूल्य घ्यावं.

आता 9.6 × 10⁻¹⁴ चं वर्गमूळ काढा. ते 3.1 × 10⁻⁷ येतं, आणि त्याचा सामू 6.51. ज्या पाण्यात 55 कोटींमागे एक रेणू फुटलेला होता, त्यात आता सुमारे साडेसतरा कोटींमागे एक फुटलेला आहे.

मग 60 अंशांचं शुद्ध पाणी आम्लधर्मी झालं ना? सामू सातच्या खाली आहे!

नाही. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून इथे थोडं थांबते.

उदासीन म्हणजे सामू सात, अशी व्याख्या नाही. H⁺ आणि OH⁻ यांची संहती सारखी असणं ही उदासीनतेची व्याख्या आहे. 60 अंशांच्या शुद्ध पाण्यात H⁺ ची संहती 3.1 × 10⁻⁷ आहे आणि OH⁻ ची सुद्धा 3.1 × 10⁻⁷. एक रेणू फुटला की दोन्ही एकेक मिळतात. एकटा H⁺ वाढायला वावच नाही. तराजूच्या दोन्ही पारड्यांत सारखी भर पडली तर काटा मधेच राहतो.

सामूचं सूत्र मात्र एकाच पारड्याकडे बघतं. H⁺ किती, एवढंच ते सांगतं. OH⁻ बद्दल ते काही बोलत नाही. म्हणून आकडा सातखाली उतरतो आणि पाहणाऱ्याला आम्लाचा भास होतो. दुसरं पारडं पाहायचं तर pOH काढा. 60 अंशांना तोही 6.51 च येतो.

वेगवेगळ्या तापमानांना उदासीन सामू असा असतो:

| तापमान (°C) | Kw (× 10⁻¹⁴) | उदासीन सामू |
|---|---|---|
| 0 | 0.11 | 7.47 |
| 10 | 0.29 | 7.27 |
| 25 | 1.0 | 7.00 |
| 37 | 2.4 | 6.81 |
| 60 | 9.6 | 6.51 |
| 100 | सुमारे 55 | सुमारे 6.1 |

वरची पहिली ओळ विसरू नका. बर्फाला टेकलेल्या पाण्याचा सामू 7.2 आला म्हणून ते अल्कधर्मी ठरत नाही. तिथे तो किंचित आम्लाच्या बाजूला आहे.

मग सात हा आकडा सगळीकडे कसा काय रुजला?

25 अंश हे प्रमाण तापमान मानलं गेलं, आणि त्या तापमानाला Kw चा ऋण लॉगरिदम, म्हणजे pKw, योगायोगाने 13.995 आहे. जवळजवळ पूर्ण 14, त्याचं निम्मं 7. प्रमाण तापमान 40 अंश ठरलं असतं तर आपण सगळे 6.77 पाठ करून बसलो असतो. सामूची मोजपट्टी सोरेनसन यांनी 1909 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली, आणि तिच्यात सात हा काही निसर्गाने कोरलेला मध्यबिंदू नाही. विदर्भात मे महिन्यात वातानुकूलन नसलेल्या प्रयोगशाळेत बाटलीतलं पाणी सहज 40 अंशांना पोचतं. तिथे 7.0 दाखवणारं पाणी थोडं अल्कधर्मी असतं.

तीव्र आम्लाचा आणि अल्काचा सामू गरम केल्यावर सारखाच बदलतो का?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण याचं उत्तर कळलं की विषय कळला. दोन चंचुपात्रं घ्या. एकात 0.001 मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल, दुसऱ्यात 0.001 मोलर सोडियम हायड्रॉक्साइड. दोन्ही 25 वरून 60 अंशांवर न्या.

आम्लात H⁺ जवळपास सगळे आम्लातूनच आलेत, 10⁻³ इतके. पाण्याचा वाटा त्यापुढे नगण्य. पाणी जास्त फुटलं तरी H⁺ ची संहती 10⁻³ च राहते. सामू 3 होता, 3 च राहतो.

अल्कात OH⁻ ठरलेले आहेत, 10⁻³. तेही हलत नाहीत. पण तिथे H⁺ किती हे ठरवतो Kw. 25 अंशांना 10⁻¹⁴ भागिले 10⁻³, म्हणजे 10⁻¹¹, सामू 11. 60 अंशांना 9.6 × 10⁻¹⁴ भागिले 10⁻³, म्हणजे 9.6 × 10⁻¹¹, सामू 10.02. सोड्याचा एक कणही कुठे गेला नाही, आणि सामू जवळजवळ एक पूर्ण अंकाने उतरला.

(गरम झाल्यावर पाणी दीड-दोन टक्के फुगतं, त्याचा परिणाम शंभराव्या भागाएवढा होतो. तो मी सोडून दिला आहे.)

सामू मीटरवर तापमान-भरपाई असते. ती हे सगळं दुरुस्त करत नाही का?

नाही, आणि या एका गैरसमजाने आमच्या बॉयलरवर एक रात्र वाया गेली होती.

काचेचा इलेक्ट्रोड सामूच्या दर अंकामागे ठरावीक मिलिव्होल्ट देतो. 25 अंशांना 59.2, 60 अंशांना 66.1. मीटरमधली स्वयंचलित तापमान-भरपाई हाच उतार सुधारते. म्हणजे मिलिव्होल्टवरून त्या गरम द्रावणाचा, त्याच तापमानाचा सामू ती बरोबर काढून देते. हेच पाणी 25 अंशांना किती दाखवेल, हे ती सांगत नाही. रसायनात झालेला बदल तिला दिसत नाही.

आमच्याकडे बॉयलरच्या पाण्यातला अल्क कॉस्टिक सोड्याने राखायचो, आणि नोंदवहीत मर्यादा लिहिलेली होती 10.8 ते 11.2. ती मर्यादा 25 अंशांची, कारण नमुना सॅम्पल कूलरमधून गार होऊनच बाहेर यायचा. त्या रात्री कूलरचं थंड पाणी बंद पडलं होतं. रात्रपाळीला नवा मुलगा होता. त्याने साठ अंशांच्या आसपासचा नमुना घेतला, इलेक्ट्रोड बुडवला, मीटर म्हणालं 10.0. मीटर बरोबरच होतं. पण त्याने ते नोंदवहीतल्या मर्यादेशी ताडलं आणि सोडा दहाव्या हिश्शावर आलाय असं समजून डोसिंग पंप सुरू केला. गरम नमुना 10.6 दाखवायला लागला तेव्हा त्याला हायसं वाटलं. सकाळी मी नमुना गार करून मोजला तर 11.6. सोडा चौपट झाला होता. ड्रममध्ये फेस, वाफेबरोबर पाणी उडायला लागलेलं. मग ब्लोडाउन उघडून तापवलेलं, प्रक्रिया केलेलं पाणी गटारात सोडावं लागलं. त्या मुलाचा दोष मी आजही मानत नाही. मर्यादेसमोर तापमान लिहिलेलं नव्हतं, आणि ते लिहायला हवं होतं.

काही औद्योगिक मीटरमध्ये द्रावणाची भरपाई म्हणून वेगळी सोय असते. तिच्यात तुम्ही दर अंशामागचा बदल भरता आणि मीटर वाचन 25 अंशांवर आणून दाखवतं. अमोनिया घातलेल्या फीडवॉटरसाठी हा बदल दर अंशाला सुमारे 0.03 इतका धरतात. पण हा आकडा पाण्यात काय विरघळलंय त्यावर ठरतो. वर पाहिलंच, आम्लाला तो शून्याजवळ आहे. तेव्हा चुकीचा आकडा भरण्यापेक्षा नमुना गार करणं बरं.

मी घरी ऊर्ध्वपातित पाणी तापवून पाहिलं. गार असताना 5.8, उकळून गार केल्यावर 6.6. हे तर उलटंच झालं!

तुमचं मोजमाप चुकलेलं नाही, तुम्ही दुसरीच गोष्ट मोजली. हवेला उघडं राहिलेलं शुद्ध पाणी कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं, कार्बोनिक आम्ल तयार होतं आणि 25 अंशांना सामू 5.6 च्या जवळ येऊन थांबतो. उकळल्यावर तो वायू निघून जातो, म्हणून गार केल्यावर सामू वर चढतो. Kw चा परिणाम त्याखाली दबून जातो. शिवाय इतक्या शुद्ध पाण्यातून वीज जेमतेम वाहते, त्यामुळे साधा इलेक्ट्रोड स्थिरावत नाही आणि आकडा सारखा सरकत राहतो.

शुद्ध पाण्यावर हा प्रयोग फार कठीण आहे. फ्रिडरिश कोलराउश आणि अडॉल्फ हायडवायलर यांनी 1894 मध्ये पाण्याची वाहकता मोजली तेव्हा हवा काढून टाकून, पुन्हा पुन्हा शुद्ध करून ते पाणी मिळवावं लागलं होतं. त्यांना दिसलं की अशुद्धी काढता काढता वाहकता शून्याला जात नाही, एका तळाशी येऊन थांबते. ती उरलेली वाहकता म्हणजे पाण्याचे स्वतःचे आयन.

मग वर्गात दाखवण्याजोगा प्रयोग कोणता?

मी अल्काचाच करते. पाणी दहा मिनिटं उकळून, झाकून गार करायचं. त्यात 0.1 मोलर सोडियम हायड्रॉक्साइड 10 मिलिलिटर घालून 1 लिटर करायचं. मीटर प्रमाणित करताना बोरॅक्सचं बफर वापरलं तर त्याच्या बाटलीवरचा तक्ता बघा: 25 अंशांना 9.18, 60 अंशांना 8.96. बफरसुद्धा तापमानाबरोबर बदलतं, आणि बरेच जण तिथेच फसतात.

द्रावण शंकुपात्रात घेऊन, तोंड शक्य तितकं झाकून हळूहळू तापवा आणि दर दहा अंशांना सामू लिहा. 11 वरून आकडा 10 कडे उतरताना मुलं अक्षरशः पुढे सरकून बसतात. यानंतरची पायरी टाळू नका: तेच द्रावण परत 25 अंशांपर्यंत गार करा. आकडा 11 च्या आसपास परतला तर उतार Kw मुळे होता. 10.6 वरच अडकला तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने सोडा खाल्ला, आणि प्रयोग परत करावा लागेल.

शरीरात 37 अंश असतात. मग रक्ताचा 7.4 हा सामू कशाशी ताडायचा?

6.81 शी. म्हणजे रक्त उदासीन पातळीच्या सुमारे 0.6 वर आहे, पुस्तकी 0.4 वर नाही. ज्या प्राण्यांच्या शरीराचं तापमान भोवतालाबरोबर बदलतं, त्यांच्यात हे आणखी सुंदर दिसतं. बेडूक, कासव यांचं रक्त गरम होतं तसा त्याचा सामू उतरतो, दर अंशाला सुमारे 0.016 ते 0.018, आणि पाण्याचा उदासीन सामूही जवळजवळ त्याच चालीने उतरतो. त्यामुळे 7.4 हा आकडा त्यांच्या शरीरात टिकत नाही, उदासीन पातळीपासूनचं अंतर टिकतं.

गरम पाण्याचा सामू कमी, मग ते प्यायल्याने आम्लपित्त वाढतं का?

या कारणाने नाही. तापलेल्या पाण्यात आम्ल वाढलेलं नसतं, आणि पोटात ते 37 अंशांना येतंच.

तापमान वाढवत गेलं तर सामू असाच खाली जात राहतो का?

नाही, एका जागी वळतो. दाबाखाली द्रवरूपात ठेवलेल्या पाण्याचा pKw 250 अंशांच्या आसपास सर्वांत कमी, म्हणजे सुमारे 11.2 होतो. तिथे उदासीन सामू 5.6 च्या जवळ. त्यापुढे तो परत वर चढू लागतो.

याचं कारण आयनांना मिळणाऱ्या आधारात आहे. पाणी आयनांना वेगळं ठेवू शकतं, कारण त्याचा पराविद्युत स्थिरांक मोठा आहे: 25 अंशांना 78. तापत जाताना पाणी विरळ होतं, रेणू सैरावैरा हलतात, आणि 250 अंशांना हा स्थिरांक 27 च्या घरात येतो. मग आयन सुटे राहण्यापेक्षा एकमेकांना बिलगणं पसंत करतात. विचरण आता ऊष्मादायी झालेलं असतं. म्हणून वरचं व्हान्ट हॉफचं गणित ΔH स्थिर धरून 300 अंशांपर्यंत ताणलं तर उत्तर सपशेल चुकतं.

दाबयुक्त पाण्याच्या अणुभट्ट्यांत हे रोजच्या कामाचं आहे. तिथे शीतक पाण्यात बोरिक आम्ल आणि लिथियम हायड्रॉक्साइड घालून कार्यरत तापमानाचा, म्हणजे 300 अंशांच्या आसपासचा, सामू साधारण 7 ते 7.4 ठेवतात. ऐकायला उदासीन वाटतं, पण तिथली उदासीन पातळी 5.6-5.7 आहे. ते पाणी चांगलं अल्कधर्मी असतं, आणि धातूची झीज कमी राहावी म्हणून ते मुद्दाम तसं ठेवलेलं असतं.

परीक्षेत विचारलं, ‘60 अंशांना एका नमुन्याचा सामू 6.7 आहे, तो आम्लधर्मी की अल्कधर्मी?’ तर काय लिहायचं?

अल्कधर्मी, आणि कारण आकड्यांत लिहा. H⁺ ची संहती 10⁻⁶·⁷, म्हणजे 2.0 × 10⁻⁷. Kw 9.6 × 10⁻¹⁴ ला त्याने भागलं की OH⁻ 4.8 × 10⁻⁷ येतो. OH⁻ दुपटीहून जास्त आहे. प्रश्नात Kw दिलेला नसेल पण तापमान दिलेलं असेल, तर आधी त्या तापमानाचा Kw शोधा. तापमानच दिलेलं नसेल, तर 25 अंश धरल्याचं उत्तरपत्रिकेत एका ओळीत नोंदवा आणि पुढे जा.